दोनशे पन्नास काय?

मापमावशीचं डावं मनगट तिरकं आहे. हात टेबलावर सपाट ठेवला तर तळवा टेकतो, बोटं टेकतात, पण मनगटाचं हाड मात्र आतून कुणी ढोसल्यासारखं वर उभं राहतं. नवं गिऱ्हाईक तिकडे बघतं आणि घाईने नजर वळवतं. जुन्या गिऱ्हाइकांना ते दिसतच नाही. त्यांचं लक्ष असतं मावशीच्या उजव्या हातातल्या पेन्सिलीकडे.

दुकान तिच्या थोरल्या भावाचं. केकचे साचे, वजनकाटे, मोजायचे चमचे, लहानमोठे ओव्हन, सगळं तिथे मिळतं. पुढे काचेचा काउंटर, तिथे दादा. मागे पडद्याआड एक लाकडी टेबल, एक चालू ओव्हन, एक जुना तागडीचा काटा, आणि मावशी. लोक तिच्याकडे चिठ्ठ्या घेऊन येतात. कुणाच्या नणंदेची कृती, कुणी पाकिटामागून उतरवून घेतलेली. दुसऱ्याच्या घरी होते ती आपल्या घरी का होत नाही, एवढंच त्यांना कळत नसतं. मावशी ती कृती त्यांच्या भांड्याला, त्यांच्या माणसांना, त्यांच्या चुलीला बसेल अशी नव्याने लिहून देते.

पण आधी तीन प्रश्न. कशाने मोजलंय? किती जणांना? भाजणार कशात?

ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय तिची पेन्सिल कागदाला टेकत नाही. एकदा एक गृहस्थ सांगायला लागले, "आमच्या आईच्या चमच्याने दोन."

"मग आईंना घेऊन या."

"त्या गेल्या हो."

"अरे देवा. मग निदान चमचा तरी आणा."

दादा पुढून हसला होता. त्याला हसायला यायचं. पण मावशी हे तीन प्रश्न कुठल्या शाळेत शिकली, ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

लग्न झालं तेव्हा मावशी एकोणीस वर्षांची होती. नवरा बस चालवायचा. त्याच्या आईच्या हातचा गोड पाव त्याला दर रविवारी लागायचा, आणि वेगळ्या घरी राहणाऱ्या सासूबाईंनी सुनेला एक चिठ्ठी दिली होती: मैदा तीन, साखर एक, लोणी अर्धं, अंडी चार, पाऊण तास. तीन काय, एक काय, ते नाही. विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "अगं, अंदाजाने. हाताला कळतं." सुनेच्या हाताला कळेना. तिने घरातली मोठी वाटी घेतली. पाव दगडासारखा झाला. नवऱ्याने तो हातात घेऊन तोलला आणि तिच्या तोंडावर मारला. ओठ फाटला. पुढच्या रविवारी तिने चिठ्ठी पुन्हा वाचली, पुन्हा तीच वाटी घेतली, फक्त देवाचं नाव जास्त वेळा घेतलं. पुन्हा दगड. त्या दिवशी पट्टा.

असे तेरा रविवार. चौदाव्या रविवारी त्याने तिचा हात ओट्याच्या कडेवर धरला आणि लाटणं घातलं. आवाज सुकी फांदी मोडल्यासारखा आला. प्लास्टर घालून ती दादाकडे आली. दादा तेव्हा तरणा होता, दुकान नवं होतं, लोक काय म्हणतील याची धास्ती मोठी होती. तो म्हणाला, "अगं, एवढासा पाव. नीट शीक म्हणजे झालं. तो चिडणार नाही, मी बोलतो त्याच्याशी." आणि बसथांब्यापर्यंत सोडायला आला. सहा आठवड्यांचं प्लास्टर तिने तिसऱ्या आठवड्यात कापलं, कारण कणीक एका हाताने मळत नाही. मनगट तसं राहिलं ते त्यामुळे.

त्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यांची ट्रंक आवरताना तळाशी एक पितळी पेला सापडला. लहानसा, जेमतेम दीडशे मिलीचा, आणि काठाच्या आतल्या वळणात वाळलेला मैदा. मावशी तो पेला घेऊन जमिनीवरच बसली. तिची वाटी अडीचशेची. म्हणजे तीन वाट्या मैदा म्हणजे सासूबाईंचे पाच पेले. आणि अंडी? अंडी चारच. अंड्याला वाटी लागत नाही, ती मोजूनच घालायची. मैदा वाढत गेला आणि अंडी तिथेच राहिली, मग पाव दगड होणार नाही तर काय होणार? त्यांच्या शेजारणीने आणखी एक गोष्ट सांगितली. सासूबाई पाव घरी भाजतच नव्हत्या. सकाळचा माल निघाल्यावर कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीत ठेवायच्या, उतरत्या आचेला.

रविवारी तिने पेल्याने मोजलं, आच उतरवत नेली, आणि पाव झाला. सोनेरी, हलका, दाबला की परत वर येणारा. नवऱ्याने तीन तुकडे खाल्ले. "आईच्या हातचा," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीने देवासमोर हात जोडले. तिला वाटलं, सुटले.

बुधवारी शर्टाचं बटण तुटलेलं निघालं म्हणून त्याने तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं.

चौकटीला टेकून ती बराच वेळ बसली. तोंडात रक्ताची चव होती. मारण्याचं कारण पाव नव्हता. तो कधीच नव्हता. तिने पेला पिशवीत टाकला आणि दादाच्या दारात येऊन उभी राहिली. या वेळी दादाने तिच्या डोक्यातून आलेला रक्ताचा ओघळ पाहिला. मागच्या खोलीतलं टेबल रिकामं करून दिलं. त्या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. बहीणभाऊ दिवसभर बोलतात, भांडतात, एकमेकांचा चहा पितात, पण बसथांब्याचा विषय कधी निघालेला नाही.

आणि मग त्या मंगळवारी ती मुलगी आली.

दुपारचे साडेबारा झाले असतील. पंचविशीची, निळा स्वेटर, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. दादाने तिला मागे पाठवलं. तिने टेबलावर चिठ्ठी ठेवली आणि उभीच राहिली.

"मावशी, हे मला माझ्या घरी होईल असं करून द्या. चारच्या आत करायचंय."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: मैदा २५०, साखर २००, लोणी १२५, अंडी ४, दूध १००, पावडर २, १८०, ३५.

"दोनशे पन्नास काय?" मावशीने विचारलं.

"दोनशे पन्नास."

"ते दिसतंय गं. ग्रॅम की मिली?"

मुलगी गोंधळली. "माझ्याकडे मापाचा जग आहे. त्याच्यावर दोनशे पन्नासची रेघ आहे."

"मैदा त्या रेघेपर्यंत भरलास?"

"हो."

"मग केक मधे बसला असेल. काठ वर, मध्ये खड्डा, आणि खाली लोणी सुटलेलं."

मुलीने असं पाहिलं की जणू मावशी त्या स्वयंपाकघरात हजर होती. "दोनदा."

"अगं, ती रेघ पाण्यादुधाची. त्या रेघेपर्यंत मैदा भरला तर काट्यावर जेमतेम एकशे तीस ग्रॅम भरतो. निम्माच गेला. साखर थोडीच कमी पडली, लोणी तर जवळपास पुरतं, मग त्याला धरून कोण ठेवणार? हे सगळे ग्रॅम आहेत. दूध मिलीत. पावडर दोन छोटे चमचे. हे १८० म्हणजे आच, ३५ मिनिटं." मावशीला आता रंग चढला होता. "तिसऱ्यांदा केलास का?"

"केला. शेजारणीकडे काट्यावर मोजून. तो... तो भाजलाच नाही. पस्तीस मिनिटांनी काढला तर वरून ओला, आत नुसतं पीठ."

"ओव्हनच्या बटणावर सगळ्यात मोठा आकडा कुठला?"

"पाचशे."

मावशीने टेबलावर हात आपटला. "घ्या! तुझा ओव्हन जुना, फॅरेनहाइटचा. चिठ्ठीतले १८० सेल्सियसचे. तुझ्या बटणावर ते साडेतीनशेच्या जरा पुढे येतात. तू १८० लावलंस म्हणजे नुसता कोमट केलास बिचाऱ्याला. तुझी काहीच चूक नाही पोरी. लिहिणारीने आकडे लिहिले आणि बाकी सगळं स्वतःच्या घरी ठेवून घेतलं."

काहीच चूक नाही, हे ऐकलं आणि मुलीचा चेहरा एकदम आवळला. रडण्याच्या आधी आवळतो तसा. मावशीच्या ते ध्यानात आलं, पण सवयीने तिने दुसरा प्रश्न विचारला.

"किती जणांना?"

"यांचे मुकादम येणार आहेत पाच वाजता. हे लाकडाच्या वखारीत आहेत. मुकादमांच्या घरी यांनी हा केक खाल्ला, त्यांच्या बाईंनीच लिहून दिलं. मुकादम, बाई, त्यांची आई, तीन मुलं. आणि हे. सात."

"आणि तू?"

"मी नाही."

"गोड खात नाहीस?"

"बिघडवणाऱ्याने खायचं नाही, असं आहे आमच्याकडे."

मावशीने पेन्सिल खाली ठेवली. तिसरा प्रश्न तिने हळू विचारला, कारण उत्तर तिला आता ऐकायचं नव्हतं.

"भाजणार कशात?"

"ओव्हन नाही आता," मुलगी म्हणाली. "काच फुटली दाराची. काल. साचापण नाही, त्यांनी पायाखाली घेतला. एक जाड पातेलं आहे झाकणाचं. त्याच्यात होईल ना?"

"काच कशाने फुटली?"

स्वेटरची उजवी बाही कोपरावर काळपट आणि कडक झाली होती. मावशीने ती धरून वर सरकवली. कोपरापासून वर फडकं गुंडाळलेलं होतं, आणि फडक्याच्या कडेतून चमकलं ते एक काचेचं टोक, अजून आतच. वर दंडाला चार बोटांचे निळे ठसे. मावशीने दुसरी बाही सरकवली. तिथे गोल डाग होते, सिगारेटच्या तोंडाएवढे. तीन.

"एकेका केकचा एकेक," मुलगी म्हणाली. जसं काही पावतीच दाखवत होती.

मुलगी घाईत होती. "मावशी, आकडे द्या. पातेल्यात होतो, मी ऐकलंय. आज नाही झाला तर जिवंत ठेवणार नाही म्हणालेत. सुरी पाजळून ठेवलीय, केक कापायला की तुला ते तूच ठरव, म्हणाले. आज बरोबर झाला की सगळं नीट होईल. त्यांना फक्त मुकादमांसमोर लाज नको आहे."

होतो पातेल्यात. मावशीला सगळं पाठ होतं. तळाशी मिठाचा थर, त्यावर कडं, दहा मिनिटं आधी तापवायचं, मंद आच. पातेल्यात मावेल तो सहा इंची साचा. चिठ्ठीतलं प्रमाण आठ इंचीचं, म्हणजे घ्यायचं निम्मं: मैदा सव्वाशे, साखर शंभर, अंडी दोन. एका वेळी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. सातजणांना दोन घाणे. आता निघाली तर चारपर्यंत होतील. पेन्सिल उचलून ती अर्धी ओळ लिहूनही गेली. मैदा १२५ ग्रॅम.

मग तिचा हात थांबला. त्या बुधवारचं बटण तिला आठवलं.

"मी नाही देत," ती म्हणाली.

"काय?"

"केक उत्तम होईल, पोरी. मी लिहिलं तर होणारच. तो दोन तुकडे खाईल. पाणीसुद्धा काढेल डोळ्यांतून. आणि परवा चहा गार झाला म्हणून तुझ्या पोटात ती सुरी खुपसेल. माझा पावही उत्तम झाला होता." तिने डावा हात टेबलावर ठेवला. "तू परत जायचं नाहीस. दवाखान्यात चल, ती काच काढू."

मुलगी मागे सरली. मग एकदम पिसाळलीच. "तुम्ही कोण मला सांगणार? मी आकडे मागितले! सगळ्यांना देता ना? मी मेले तर तुमच्या डोक्यावर!" तिने टेबलावरचा मोजचमच्यांचा जुडगा उचलून मावशीच्या छातीवर फेकला. "द्या! द्या म्हणते ना!"

आरडाओरडा ऐकून दादा पडदा सारून आत डोकावला. आणि त्याच वेळी पुढचं दार भिंतीवर आदळलं.

"आहे का इथे ती?"

मुलीचा नवरा. लाकडं उचलून झालेले दंड, पायात जाड बूट. दादा वळला, दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "अहो, जरा शांत—" आणि त्या माणसाने काउंटरवरचा बिडाचा तवा उचलून त्याच्या तोंडावर मारला. दादाच्या नाकातून रक्ताची चिळकांडी उडाली. तो काचेच्या काउंटरवर पडला, काउंटर खाली बसला, साचे खणखणत चहूकडे धावले. तो माणूस पडदा ओरबाडून मागे आला.

"केक शिकायला आलीस होय? घरातल्या गोष्टी वेशीवर टांगायला आलीस!" त्याने मुलीचे केस मुठीत गुंडाळले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. तिच्या दाताचा तुकडा चिठ्ठीवर पडला. "कितीचा केक? सातजणांचा? आता बघ किती तुकडे होतात." तिच्या दुखऱ्या कोपरावरच्या फडक्यात अंगठा घालून त्याने ती काच आत दाबली. मुलीची किंकाळी बाईची वाटलीच नाही. त्याने तिच्या केसांवरची पकड पुन्हा आवळली. या वेळी नेम ओव्हनच्या दाराच्या काचेवर होता, तापलेल्या.

तागडीच्या काट्याशेजारी दोन किलोचं लोखंडी वजन असतं. मावशीने ते उजव्या हातात घेतलं. घाई केली नाही. त्याचं मनगट टेबलाच्या कडेवर टेकलेलं होतं, केस धरलेलं. तिने देवाचं नाव घेतलं आणि वजन घातलं.

सुकी फांदी. तोच आवाज.

तो ओरडला नाही, आधी नुसता बघत राहिला. बोटं केसांतून आपोआप सुटली. मग गुरासारखा हंबरला आणि डाव्या हाताने मावशीचा गळा धरला. तिच्या डोळ्यांपुढे काळं आलं. तेवढ्यात मागून दादा आला, रक्ताने माखलेला, हातात तोच तवा, आणि त्याने त्या माणसाच्या गुडघ्यामागे एक आणि कानामागे एक असे दोन घाव घातले. तो कोसळला तसा दादा त्याच्या पाठीवर बसला. साठी उलटलेला, दम्याचा माणूस, पण बसला.

"बारक्या चणीचा म्हणून बघत होतास काय रे मला?" दादा रक्त थुंकत म्हणाला. मग मुलीकडे वळून, "शटर ओढ. पोलिसांना फोन लाव. आणि ऐक, तू घरी जाणार नाहीस. कुणी सोडायला येणार नाही तुला."

शेवटचं वाक्य तो मुलीशी बोलला, पण बघत होता बहिणीकडे.

पोलीसबाई आल्या तेव्हा दादा म्हणाला, वजन हातातून निसटलं. मावशीने त्याला थांबवलं. "निसटलं नाही. मी घातलं. मनगट मोडावं म्हणूनच घातलं. देवाला जे सांगणार तेच तुम्हाला सांगते." पोलीसबाईंनी तिच्या गळ्यावरचे ठसे पाहिले, मुलीचा हात पाहिला, टेबलावरचा दात पाहिला, आणि सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. मावशीवरही तक्रार नोंदली गेली. तारखा पडल्या, ती गेली, दर वेळी तेच सांगितलं, आणि शेवटी सुटली. तो आत गेला. मुलीच्या कोपरातून काचेचे चार तुकडे निघाले. दवाखान्यात पहिले दोन दिवस ती मावशीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आकडे दिले असतेत तर मी गेले असते." मावशी म्हणाली, "माहीत आहे." मग मुलीचा मामा येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेला.

मावशी त्या रात्रीपासून रोज देवाशी त्या मनगटाबद्दल बोलते. क्षमा मागते की नाही, ते देवाला माहीत. दादाचं नाक कायमचं डावीकडे वळलं. "आता शोभतो तुझा भाऊ," असं तो गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, आणि मावशी त्याला गप्प बस म्हणते.

आठ महिन्यांनी पाकीट आलं. आत तीच कृती, पण सुवाच्य, एकेका ओळीला जागा सोडून. मैदा २५० ग्रॅम, काट्यावर. साखर २०० ग्रॅम. दूध १०० मिली. आठ इंची साचा. खाली लिहिलं होतं: मावशी, मामींचा ओव्हन लहान आहे, सेल्सियसचा, सहा इंचीच साचा मावतो. निम्मं घेते, तरी मधे कच्चा राहतो, काय चुकतंय ते कळवा. माणसं चार, माझ्यासकट.

मावशीने ते दोनदा वाचलं आणि दादाला वाचायला दिलं. दादाने चष्मा लावला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मग?" तो म्हणाला. "आता देतेस का आकडे?"

मावशीने पेन्सिलीला टोक काढलं. "लहान ओव्हनमध्ये केक वरून लवकर रंग धरतो, आत मागे राहतो," ती म्हणाली. "आच थोडी उतरव, एकशे साठ, आणि दहा मिनिटं जास्त." वाकड्या हाताने कागद दाबून धरत ती लिहायला लागली.